श्रद्धांजलीचे पुनर्लेखन : भिवंडीतील एका वहीच्या निमित्ताने

१९९८ साली, एम. ए.च्या पहिल्या वर्षाला असताना, प्रस्तुत लेखकाने आपल्या आजोबांवर एक श्रद्धांजलीपर लेख लिहिला होता. तो तेराव्याच्या दिवशी वाचला गेला आणि पुढे वर्षश्राद्धाच्या वेळी चार पानी स्मरणिकेत छापलाही गेला. २०२४ साली आजोबांची जन्मशताब्दी आली. घरातल्या वीस-पंचवीस माणसांपुरता एक छोटा कार्यक्रम करावा, जुना लेख पुन्हा छापावा, असे ठरले. लेखाची झेरॉक्स आत्याकडे गेली. तिने ती वाचून परत दिली आणि एवढेच म्हणाली, "छान लिहिलंयस रे. पण ह्यात आप्पा कुठं आहेत?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते. म्हणून तो लेख पुन्हा लिहावा लागला. पुनर्लेखनाच्या या कामात मराठीतील स्मरणलेखनाच्या इतिहासाकडे पुन्हा एकदा पाहावे लागले, आणि जे आपण वर्गात वीस वर्षे शिकवत आलो ते आपल्या हातून लिहिताना मात्र कसे निसटले होते, हेही लक्षात आले. त्याची ही हकिकत.

प्रथम जुना लेख. त्यातली तीन वाक्ये जशीच्या तशी देतो :

"कै. आप्पा म्हणजे निष्काम कर्मयोगाचा मूर्तिमंत आदर्श होता. १९८४च्या दंगलीच्या वणव्यात त्यांनी मानवतेचा नंदादीप तेवत ठेवला आणि हिंदू-मुस्लिम ऐक्याचे ते दूत ठरले. त्यांच्या जाण्याने आमच्या जीवनात कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे."

ही वाक्ये खोटी म्हणून लिहिली नव्हती. लिहिताना डोळ्यांत पाणीही होते. परंतु आज वाचताना लक्षात येते की, यातले एकही वाक्य उचलून दुसऱ्या कुणाच्या आजोबांच्या स्मरणिकेत ठेवले तर कुणाला शंकासुद्धा येणार नाही. आप्पा वाडा तालुक्यातून १९४६ साली भिवंडीला आले आणि एका यंत्रमाग कारखान्यात मेहता म्हणून, म्हणजे हिशेब आणि पगार पाहणारे म्हणून, चाळीसहून अधिक वर्षे राहिले. या लेखात ना कारखाना आहे, ना माग, ना हिशेब.

ही भाषा आली कुठून? सोपे उत्तर असे की, ती वर्तमानपत्रांतून आणि शोकसभांतून आली. ते खरेच आहे. पण तिची मुळे आणखी मागे जातात. संस्कृत महाकाव्यांत विलापाला स्वतंत्र स्थान होते. कालिदासाचा अजविलाप आणि रतिविलाप पिढ्यान्‌पिढ्या पाठ केले गेले. मृत्यूचे दुःख उपमा-उत्प्रेक्षांनी नटवूनच सांगायचे, असा एक संस्कार त्यातून शिकलेल्या वर्गावर झाला. एकोणिसाव्या शतकात छापखाना आला, सभा-संस्था आल्या, मानपत्रे देण्याची पद्धत आली. मानपत्रात माणसाचे गुण ओळीने मोजायचे असतात. मृत्यूनंतरचा लेख हे त्याच मानपत्राचे भूतकाळी रूप झाले. 'आहेत'च्या जागी 'होते' आले, बाकी सारे तसेच राहिले.

'ऐक्याचे दूत' या शब्दांना मात्र अधिक जवळचे, भिवंडीपुरते कारण आहे. १९७० आणि १९८४ अशा दोन मोठ्या दंगली या गावाने पाहिल्या. १९७०च्या दंगलीची चौकशी न्या. मादन आयोगाने केली. १९८८नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या आणि डिसेंबर १९९२मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. त्यानंतरच्या काही वर्षांत या गावातल्या प्रत्येक सार्वजनिक भाषणात ऐक्य हा शब्द असे, आणि तो रास्त अभिमानाने उच्चारला जाई. १९९८ साली लिहिणाऱ्या एकवीस वर्षांच्या मुलाने तो उचलला आणि आपल्या आजोबांना चिकटवला. आजोबांनी १९८४ साली नेमके काय केले, हे त्याने कुणाला विचारले नव्हते.

ते विचारण्यापासून पुनर्लेखनाला सुरुवात झाली.

मराठी गद्याचा आरंभ पाहिला तर तो अशाच विचारपुशीतून झालेला दिसतो, ही गोष्ट आपण अभ्यासक म्हणून विसरतो. 'लीळाचरित्र' हा मुळात एका गेलेल्या माणसाच्या आठवणींचा संग्रह आहे. श्रीचक्रधर निघून गेल्यावर त्यांचे शिष्य रिद्धपुरात एकत्र राहिले, आठवणी काढत राहिले. म्हाइंभट हा संस्कृत शास्त्रे पढलेला पंडित. त्याला अलंकारिक स्तोत्र रचणे अवघड नव्हते. त्याने ते केले नाही. ज्यांनी चक्रधरांना पाहिले होते, ऐकले होते, त्यांच्याकडे तो गेला, त्यांनी जे सांगितले ते गोळा केले आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतले. १२७८च्या सुमारास सिद्ध झालेल्या या ग्रंथात चक्रधर कुठे बसले, काय जेवले, कुणाला काय म्हणाले, हे लहान लहान वाक्यांत येते. त्यांच्या थोरवीविषयी शिष्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ते तर त्यांना परमेश्वर मानत होते. तरीही ती थोरवी सांगण्यासाठी विशेषणे नव्हे, प्रसंग वापरावे लागतात, हे त्यांना उमगले होते.

याहूनही महत्त्वाची एक गोष्ट या परंपरेत आहे. एकाच प्रसंगाची आठवण दोघांनी वेगवेगळी सांगितली तर ती दोन्ही नोंदवण्याची रीत महानुभावांनी पाळली. अशा पाठभेदाला ते 'वासना' म्हणत. अमक्याची वासना अशी, तमक्याची अशी. ज्याला आपण आज संशोधनाची शिस्त म्हणतो ती इथे भक्तीतून आलेली आहे. जो माणूस आपल्याला इतका प्रिय आहे त्याच्याविषयी आपल्या सोयीची गोष्ट रचायची नाही, एवढाच तिचा अर्थ. पुढे 'स्मृतिस्थळा'त केसोबासांना संस्कृतात ग्रंथ करू नका असे नागदेवाचार्य सांगतात, कारण मग साध्या बाया-बापड्यांना त्यातले काही कळणार नाही. ज्यांच्या आठवणींतून ग्रंथ झाला त्यांनाच तो ऐकता आला पाहिजे, हा विचार त्यामागे आहे. आत्याच्या प्रश्नामागेही वेगळे काही नव्हते.

तर विचारपूस केली. तीन माणसे होती. आत्या, वय चौऱ्याहत्तर. काका, आत्याहून चार वर्षांनी लहान. आणि आप्पांच्या कारखान्यात लहानपणी कांडी भरायला असलेले आणि नंतर तिथेच माग चालवलेले एक गृहस्थ, ज्यांना आम्ही चाचा म्हणतो. आजी २००९मध्येच गेली होती. तिला विचारायचे राहून गेले.

विचारताना एक चूक पहिल्याच दिवशी झाली. "आप्पा कसे होते?" असे विचारले. त्यावर तिघांनीही मानपत्रच वाचले. आत्या म्हणाली, फार शिस्तीचे. काका म्हणाले, कडक पण प्रेमळ. चाचा म्हणाले, "बहोत नेक आदमी थे." माणसाला मत विचारले की ते तयार शब्दांतच मिळते. दुसऱ्या दिवशी प्रश्न बदलले. पगाराच्या दिवशी ते कुठे बसत? मेमध्ये कर्फ्यू लागला त्या दिवशी घरात कोण कोण होते? घरी आल्यावर पहिले काय करत? यांना मात्र उत्तरे आली, आणि एका उत्तरातून दुसरे निघत गेले.

आत्या त्या वेळी माहेरी आली होती. तिने सांगितले ते असे : "अकरा दिवस आप्पा घराबाहेर पडले नाहीत. पडणार कसे? दाराशी बसून असायचे. मांडीवर पगाराची वही. वाचत नव्हते. नुसती मांडीवर." म्हणजे नंदादीप वगैरे काही नव्हते. त्यांनी कुणाला वाचवले नाही. कुणाला लपवले नाही. साठ वर्षांचा एक माणूस दाराशी बसून होता.

हे ऐकून आधी निराशा झाली, हे कबूल केले पाहिजे. आजोबांच्या हातून काहीतरी पराक्रम झाला असावा अशी इच्छा लिहिणाऱ्याच्या मनात असते, आणि आठवण ती पुरवत नाही. स्मरणलेख बिघडण्याची ही पहिली जागा आहे. इथे लेखक एक तर थांबतो, किंवा 'वणवा' आणि 'दीप' आणून मधली पोकळी भरून काढतो.

पुढचे चाचांनी सांगितले. कर्फ्यू सैल झाल्यावर आप्पा कारखान्यात आले. पुढची बाजू जळली होती. माग बंद होते. चाळीतले बहुतेक कामगार मिळेल त्या गाडीने मुलखाला निघून गेले होते. त्या पंधरवड्याचा पगार व्हायचा राहिला होता. भिवंडीत माग चालवणाऱ्याला मीटरवर मजुरी मिळते आणि ती दर पंधरवड्याला चुकती होते. किती कापड निघाले ते वहीत असते आणि ती वही मेहत्याकडे असते. मालकांनी पैसे दिल्यावर आप्पांनी तेवीस नावांची यादी केली. बिसीवाल्यांकडे जाऊन, म्हणजे जिथे हे कामगार महिन्याच्या बोलीवर जेवत त्या खानावळींत जाऊन, त्यांचे गावचे पत्ते मिळवले आणि मनीऑर्डरी केल्या. चाचा म्हणाले, "हम तो समझे थे कि वो पैसा गया. मेरे अब्बा का मनीऑर्डर गाँव में पहुँचा. पाँच पैसे का भी फर्क नहीं."

तेवीसपैकी एक मनीऑर्डर परत आली. त्या नावाचा माणूस त्या पत्त्यावर सापडला नाही. रक्कम होती एकशे शहाऐंशी रुपये पन्नास पैसे.

यानंतरचे कुणी सांगितले नाही. ते वह्यांत सापडले. आप्पा घरखर्चाची वही ठेवत आणि दर दिवाळीला नवी वही घालत. आत्याने त्या वह्या जपून ठेवल्या होत्या, पण कधी उघडल्या नव्हत्या. १९८४च्या दिवाळीच्या वहीत, पहिल्या पानावर 'श्री' आणि त्याखाली 'देणे' असे लिहून, त्या कामगाराचे नाव आणि १८६-५० ही रक्कम आहे. १९८५च्या वहीत पहिल्या पानावर तेच. १९८९ साली आप्पा कामावरून मोकळे झाले, कारखान्याच्या हिशेबाशी त्यांचा संबंध उरला नाही, तरी घरच्या वहीत ती ओळ आहेच. शेवटची वही १९९७च्या दिवाळीची. एकूण चौदा वह्या, चौदा वेळा तेच नाव.

फक्त एक फरक आहे. पहिल्या दोन वर्षी रक्कम १८६-५० आहे. १९८६पासून ती २००-५० झाली आहे. वहीत त्याचे कारण लिहिलेले नाही.

कारण चाचांच्या बोलण्यात होते. पण आपण काही महत्त्वाचे सांगत आहोत, हे त्यांना ठाऊक नव्हते. आप्पा कडक होते, याचे उदाहरण म्हणून त्यांनी सांगितले होते की, दंगलीच्या आदल्या पंधरवड्यात त्याच कामगाराच्या कापडावर तेलाचे डाग पडले म्हणून आप्पांनी त्याचे चौदा रुपये कापले होते आणि त्यावरून वाद झाला होता. एकशे शहाऐंशी आणि चौदा मिळून दोनशे होतात.

इथे लिहिणाऱ्याची खरी परीक्षा होती. पहिल्या खर्ड्यात प्रस्तुत लेखकाने या आकड्यांनंतर असे लिहिले : "दोन वर्षे त्यांच्या अंतःकरणात पश्चात्तापाचा अग्नी धुमसत असेल आणि अखेर एका रात्री त्यांनी थरथरत्या हाताने ती रक्कम बदलली असेल." म्हणजे वीस वर्षे शिकवूनही १९९८चा विद्यार्थी जागच्या जागी होता. ते वाक्य वाचून दाखवल्यावर आत्या म्हणाली, "आप्पांचा हात थरथरत नव्हता. अक्षर बघ." अक्षर खरोखरच सरळ आहे. वाक्य काढले.

संयम म्हणजे भावना कमी करणे नव्हे, हे आपण वर्गात सांगतो, पण ते नेमके कसे करायचे याचे उदाहरण देताना अडखळतो. मराठीत ते शिकवणाऱ्या दोन बायका होऊन गेल्या. न्या. रानडे १९०१च्या जानेवारीत वारले. त्यांच्यावर भाषणे झाली, अग्रलेख आले, त्यांची विद्वत्ता आणि देशकार्य यांचे गुणगान झाले. रमाबाईंचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१० साली, गोखल्यांच्या प्रस्तावनेसह, आले. त्यात आंब्यांचा प्रसंग आहे. रमाबाई आंब्याच्या फोडी करून नेतात, रानडे मोजक्या फोडी खाऊन थांबतात, आणि का थांबलात या प्रश्नाला उत्तर देताना जिभेच्या लाडांविषयी बोलतात. रानड्यांच्या निग्रहावर कितीही अग्रलेख वाचले तरी आपल्या लक्षात राहतात त्या आंब्याच्या फोडीच. आणि आपण वाढलेले समोरच्याने पूर्ण खाल्ले नाही, याची बायकोला वाटलेली किंचित खंतही त्याच प्रसंगात आहे. ती वेगळी सांगावी लागलेली नाही.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. ना. वा. टिळक १९१९ साली गेले. मुलाला, देवदत्तांना, वडिलांचे चरित्र लिहायचे होते म्हणून लक्ष्मीबाईंनी आठवणी लिहायला घेतल्या आणि त्यातून १९३४पासून 'स्मृतिचित्रे' भागाभागाने प्रसिद्ध झाली. या पुस्तकाच्या आरंभीच एका आजोबांचा मृत्यू आहे. लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना १८५७च्या बंडाच्या प्रकरणात फाशी झाली. दुसऱ्या कुणी या जागी देशभक्तीचा किंवा शोकाचा एक अध्याय लिहिला असता. लक्ष्मीबाई ते थोडक्यात सांगतात आणि लगेच आपल्या वडिलांच्या सोवळ्याकडे वळतात. त्या प्रसंगानंतर वडिलांच्या मनाने सोवळे असे घेतले की घरात येणारा जिन्नस अन्‌ जिन्नस धुतला जाऊ लागला, आणि त्या धुण्यात साऱ्या घराचे आयुष्य गेले. आपण हसत हसत वाचतो. एका फाशीने एका माणसाच्या मनाचे काय केले, हे हसू ओसरल्यावर ध्यानात येते. लक्ष्मीबाईंनी कारण आणि परिणाम शेजारी शेजारी ठेवले आणि मध्ये स्वतः उभ्या राहिल्या नाहीत.

दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवायचे आणि मध्ये उभे राहायचे नाही, हे त्यांच्याकडून घेतले.

काकांचा मात्र आक्षेप होता. पैसे कापल्याचे लिहूच नये, असे ते म्हणाले. "शंभराव्या वर्षी हे कशाला? लोक काय म्हणतील?" हा आक्षेप हलका नाही. स्मरणिका घराची असते, आणि गेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. पण चौदा रुपये कापल्याचे काढले तर दोनशे रुपये पन्नास पैसे कळत नाहीत, आणि ते काढले तर पुन्हा 'निष्काम कर्मयोगी' तेवढा उरतो. शेवटी वाद मिटवला तो आत्याने. ती म्हणाली, "त्यांनीच वहीत लिहिलंय ना? मग तू लपवणारा कोण?"

दुसरा मतभेद त्या रकमेविषयी होता. आत्या म्हणते, ते पैसे ट्रंकेत एका पाकिटात वेगळे ठेवलेले असत आणि तिने ते पाकीट पाहिले आहे. काका म्हणतात, पाकीट कधीच नव्हते, आप्पांच्या डोक्यात नुसता आकडा होता. आप्पा गेल्यावर ट्रंकेत पाकीट सापडले नाही, एवढे खरे. कोणाची आठवण बरोबर, हे ठरवण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाला नाही. म्हाइंभटाच्या रीतीने दोन्ही वासना नोंदवल्या.

साधेपणाचाही एक आव असतो, आणि त्यात सापडण्याची भीती शेवटपर्यंत होती. एका खर्ड्यात सगळे निवेदन मुद्दाम गावरान बोलीत केले होते. वाचताना लक्षात आले की, ती बोली आत्याची नाही, काकांची नाही, ती कथासंग्रहांतून आलेली आहे. म्हणजे अलंकार बदलला होता, गेला नव्हता. ज्याचे वाक्य त्याच्या तोंडी जसेच्या तसे ठेवायचे आणि आपले निवेदन आपण रोज बोलतो त्या मराठीत करायचे, एवढा साधा नियम मग पाळला. वाक्य तपासण्याची कसोटीही एकच ठेवली : हे दुसऱ्याच्या आजोबांविषयी म्हणता येईल का? येत असेल तर ते वाक्य गाळायचे. या कसोटीने मूळ लेखातून फक्त दोन गोष्टी वाचल्या, गावाचे नाव आणि जन्मतारीख.

कार्यक्रमात वाचलेला मजकूर शेवटी असा झाला. त्या कामगाराचे नाव स्मरणिकेत आहे, कारण तिथे ते देणे भागच होते. इथे ते गाळले आहे.

"आप्पा १९४६ साली वाड्याहून भिवंडीला आले. कारखान्यात मेहता होते. पगाराच्या दिवशी ते खिडकीजवळ बसायचे, म्हणजे नोटा उजेडात मोजता येतात. घरी आले की आधी हात धुवायचे, मग टोपी काढायचे. कधी उलटं झालं नाही, असं आत्या सांगते.

ते कडक होते. कापडावर डाग पडला तर पैसे कापायचे. १९८४च्या मे महिन्यात, दंगलीच्या आधी, त्यांनी एका कामगाराचे चौदा रुपये कापले. मग दंगल झाली. आप्पा अकरा दिवस घरात होते. पगाराची वही मांडीवर घेऊन दाराशी बसायचे.

कर्फ्यू सैल झाल्यावर त्यांनी तेवीस माणसांना त्यांच्या गावी मनीऑर्डरी केल्या. बावीस पोचल्या. एक परत आली, एकशे शहाऐंशी रुपये पन्नास पैशांची. ज्याचे चौदा रुपये कापले होते, त्याचीच.

त्या दिवाळीला आप्पांनी नव्या वहीच्या पहिल्या पानावर ती रक्कम देणे म्हणून लिहिली. पुढच्या दिवाळीलाही लिहिली. तिसऱ्या दिवाळीला दोनशे रुपये पन्नास पैसे लिहिले. त्यानंतर दर वर्षी तेवढेच.

आत्या म्हणते, पैसे ट्रंकेत पाकिटात होते. काका म्हणतात, पाकीट नव्हते. आम्हांला ते सापडलेले नाही.

शेवटची वही १९९७ची आहे. त्यानंतरच्या फेब्रुवारीत आप्पा गेले. वह्या आत्याकडे आहेत. ज्यांना पाहायच्या असतील त्यांनी पाहाव्यात."

वाचून झाल्यावर थोडा वेळ कुणी बोलले नाही. चाचा आले होते. त्यांनी वह्या मागून घेतल्या, एकेक उघडून पहिले पान पाहिले आणि परत एकावर एक नीट रचून ठेवल्या. मग म्हणाले की, त्या माणसाच्या गावाकडचे एक दोघे अजून शांतीनगरला माग चालवतात, त्यांना विचारून बघतो.

काकांनी या वर्षीच्या दिवाळीला नवी वही घातली. गेली कित्येक वर्षे त्यांच्या घरी वही नव्हती, हिशेब मोबाइलवर असे. पहिल्या पानावर काय लिहिले आहे ते त्यांनी दाखवले नाही, आणि कुणी विचारलेही नाही.